हळदीची वाटी आधी कुणाच्या हातात द्यायची?

पत्र:

माझं वय ४७. मिस्टर वारले त्याला नऊ वर्षं झाली. कपाशीची शेती आणि शिवणकाम यावर एकुलत्या मुलाला शिकवलं, आता आखाजीनंतर त्याचं लग्न आहे. जेठ-जेठाणी म्हणतात, देव बसवायला आणि हळदीला आम्ही जोडीनं बसतो, तू तेवढा वेळ मागच्या ओसरीत बस, हळद झाली की ये, आपल्या घरात अशीच रीत आहे. माणसं वाईट नाहीत, अडचणीला तेच धावून आलेत. मुलगा म्हणतो, आई नसेल तर मी पाटावरच बसणार नाही. मला भांडण नकोय, पण लपून बसायला पण जिवावर येतंय. आणि खरं सांगते, भीती पण वाटते. मी पुढे झाले आणि नंतर काही कमी-जास्त झालं तर? लोक सोडा, मलाच तसं वाटत राहील. काय करू?

— एक आई, अमळनेर तालुका

उत्तर:

ताई, सगळ्यात आधी मला हे सांगा की ही रीत सांभाळतंय कोण? भटजी, जेठ, की हळदीला जमणाऱ्या बाया? कारण ही तीन वेगळी दारं आहेत आणि आपण बहुतेक वेळा चुकीचं दार वाजवतो. भांडतो जेठाशी, आणि खरी अडवणूक असते हळदीच्या पाटाजवळ बसलेल्या एखाद्या आत्याबाईंची. किंवा सगळे भटजींचं नाव पुढे करतात आणि भटजींना कुणी विचारलेलंच नसतं.

भटजींचा भाग आधी बघू, तो तुम्ही समजता त्यापेक्षा बराच सैल आहे. मांडवाच्या दिवशी सकाळी गणपतीपूजन, पुण्याहवाचन, मातृकापूजन आणि नांदीश्राद्ध होतं, काही घरांत सगळं साग्रसंगीत, काही घरांत अर्ध्या तासात उरकतात, आणि त्याच्या जोडीला आपल्याकडे कुळाचे देव बसवतात. यातलं नांदीश्राद्ध म्हणजे घरातली जी माणसं गेली त्यांना शुभकार्याच्या आधी बोलावणं, की घरात मंगल आहे, या आणि आशीर्वाद द्या. नवरदेवाचे वडील गेलेले असले तर त्यांनाही बोलावलं जातं. म्हणजे बघा, तुमच्या मिस्टरांना त्या दिवशी नाव-गोत्र घेऊन मानानं मांडवात बोलावणार, आणि ते गेले म्हणून तुम्हाला ओसरीत पाठवणार. हे कुणाला टोमणा म्हणून ऐकवायला सांगत नाहीये, पण तुमच्या मनात जी भीती आहे ना तिच्यासमोर ही गोष्ट ठेवून बघा एकदा.

हे विधी करायला वडील नसले तर काका, मोठा भाऊ किंवा नवरदेव स्वतः, कुणीही बसू शकतो. म्हणजे जेठ-जेठाणी बसले तर चुकीचं काही नाही, पण तेच बसले पाहिजेत असंही नाही. आणि ते बसले तरी तुम्ही तिथेच चार हातांवर सतरंजीवर बसू नये असं भटजी कशाच्या आधारावर सांगतील हे मला खरंच माहीत करून घ्यायला आवडेल. मुलीच्या आया जर हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी अजून एक: याज्ञवल्क्य स्मृतीत कन्यादान कुणी करावं याचा क्रम दिलाय, बाप, आजोबा, भाऊ, भाऊबंद आणि मग आई. आधीचा नसेल तर पुढचा. त्या यादीत आईचा नंबर येईपर्यंत बाप बहुतेक गेलेलाच असणार, म्हणजे ती बाई विधवाच असणार, आणि तरी स्मृती तिला मांडवात बसवते.

आता सुपारीचं. बायको वारलेला माणूस मुलाच्या लग्नात पूजेला बसतो तेव्हा कमरेला सुपारी खोचतो, बायकोच्या जागी. तुमच्या भाऊबंदकीत पण असा एखादा तात्या-आबा असेलच, आठवून बघा. त्याला कुणी ओसरीत पाठवलं नाही, अपशकुन म्हटलं नाही, एका सुपारीवर काम भागलं. बाईसाठी सुपारी पण नाही.

मग अडतं कुठे? अडतं हळदीला, ओटीला, औक्षणाला. ज्याला मंत्र नाही, पोथी नाही, जिथे फक्त 'पाच सवाष्णी बोलवा' असं कुणीतरी म्हणतं आणि बाया उठतात. हा भाग पूर्णपणे बायांच्या हातात आहे. वाईट बातमी पण हीच आणि चांगली बातमी पण हीच.

तुम्हाला काय करा हे सांगायच्या आधी एरंडोलकडच्या एका घरातली हकिकत सांगते. मला ती त्या घरातल्या जेठाणीने सांगितली, म्हणजे तिथे जी 'अडवणारी' होती तिनेच. जिच्याबद्दल आहे तिला आपण जिजी म्हणू, घरात तिला तेच म्हणतात.

जिजीचा नवरा गेला तेव्हा मुलगा आठवीत होता. लग्न ठरलं तेव्हा तिला पण तुमच्यासारखंच सांगण्यात आलं, फक्त ओसरीच्या जागी स्वयंपाकघर. तू आत बट्ट्यांकडे बघ, आचाऱ्याजवळ घरचं कुणीतरी लागतंच. म्हणजे बाजूला बसवायचं पण काम देऊन, म्हणजे दिसायला काही वाईट नाही. जिजी काही बोलली नाही. त्या घरात जेठाची एक म्हातारी फुई होती, ऐंशीच्या पुढची, विशीतच नवरा गेल्यावर माहेरी परत आलेली आणि मग कायमची तिथेच राहिलेली. भावाची सगळी पोरं तिने वाढवली, जेठाला पण तिनेच अंगाखांद्यावर खेळवलं. घरातल्या प्रत्येक लग्नाच्या शेवया, कुरडया, बिबड्या तिच्या हाताखाली झाल्या, पण हळदीच्या पाटाजवळ ती कधी आली नाही. कुणी 'येऊ नको' असं म्हणायची वेळच आली नाही, ती आपली आपण लांब राहायची.

बिबड्या घालायच्या दिवशी गच्चीवर जिजीने जेठाणीला विचारलं, वहिनी, मला एक वाटतं, यावेळी पहिली हळद फुईच्या हातची लावायची का? तिचं वय झालंय, पुढचं लग्न ती बघेल न बघेल. स्वतःचं नाव तिने काढलंच नाही. जेठाणी मला म्हणाली, तिने स्वतःसाठी मागितलं असतं ना तर मी सरळ नाही म्हटलं असतं, माझ्याकडे उत्तर तयार होतं. पण फुईसाठी काय नाही म्हणणार, जिने माझ्या नवऱ्याला वाढवलं तिचा हात अशुभ असं तोंडातून निघेना. मग तिने ढकललं फुईवरच, की फुई स्वतःच तयार होणार नाही.

आणि फुई खरंच तयार झाली नाही. उलट चिडली, म्हणाली म्हातारपणी मला पापात ढकलता का. इथे जिजीने घाई केली नाही. दर दोन-चार दिवसांनी डोक्याला तेल लावताना विषय काढायची आणि सोडून द्यायची. शेवटी फुई म्हणाली भटजीला विचार, तो हो म्हणाला तर बघू. ही खरं तर टाळायची वाट होती पण जिजीने ती धरली. भटजी मुहूर्ताचं सामान लिहून द्यायला आले तेव्हा फुई, जेठ, जेठाणी सगळे बसलेले असताना विचारलं. आधी एकट्यात जाऊन पढवून ठेवलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं, नाहीतर नंतर लोक म्हणतात तिने भटजीला फिरवलं. भटजी म्हणाले, हळद लावायला माझा काही मंत्र नाही हो, तो घरचा मान आहे, कुणी लावायची ते घरच्यांनी ठरवावं. जेठ म्हणाले, पण आपल्यात सवाष्णीच लावतात. त्यावर म्हातारे चुलतसासरे कोपऱ्यातून म्हणाले, मी पोराच्या लग्नात सुपारी लावून बसलो होतो तेव्हा तुम्ही कोणी काही म्हटलं नाही. एवढंच बोलले आणि परत तंबाखू मळायला लागले. जेठ पुढे काही बोलले नाहीत. हो पण म्हटलं नाही.

दुसरं एक काम जिजीने केलं ते फार थोड्या लोकांना सुचतं. नवरदेवाची उष्टी हळद नवरीकडे जाते. त्या वाटीतल्या हळदीला कुणाकुणाचा हात लागला हे तिकडच्या बाया विचारतातच, आणि दारात हळद घेऊन गेलेल्या पोरींना ऐनवेळी कुणी म्हटलं की ही हळद आम्हाला चालणार नाही, तर सगळं केलेलं पाण्यात, आणि दोष कुणाला? म्हणून तिने लग्नाच्या पंधरा-वीस दिवस आधी विहीणबाईंना फोन केला, आमच्याकडे पहिली हळद आमच्या फुई लावणार आहेत, त्यांचे मिस्टर नाहीत, तुम्हाला चालेल ना, नसेल तर आत्ताच सांगा, मी तुमच्यासाठी वेगळी वाटी काढून ठेवते. विहीणबाई जरा गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, आमच्याकडे माझी आई आहे, ती पण अशीच मागे बसते. वेगळी वाटी नको.

मांडवाच्या दिवशी सकाळी देव बसवायला जेठ-जेठाणीच बसले जोडीनं. जिजीने त्यात हात घातला नाही, तिने ते आधीच मनातून सोडून दिलं होतं. दुपारी हळद. बायांची गाणी चालू होती, पाच जणी बसलेल्या, आणि जेठाणीने वाटी उचलून फुईच्या हातात दिली. गाणं थांबलं. धुळ्याकडे दिलेली एक नणंद उठून बाहेर निघून गेली, तिच्या मागे अजून दोघी गेल्या. फुईचा हात थरथरत होता. तिने आंब्याच्या पानाने पोराच्या पायाला, गुडघ्याला, खांद्याला, कपाळाला लावली. आणि मग वाटी पुढच्या सवाष्णीकडे न देता मागे वळून दाराकडे बघत म्हणाली, "पोऱ्या कोना शे? तुनाच ना? मंग तठे काय उभी शे, तूच लाव हयद."

आता बघा, जिजीने स्वतःला बोलवा असं एकदाही म्हटलं नव्हतं. मी जेठाणीला विचारलं, हे त्यांचं आधी ठरलं होतं का हो? ती म्हणाली, देव जाणे, मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. माझा अंदाज आहे की ठरलेलं नसावं, पण जिजीला फुई चांगली ओळखीची होती, म्हातारी एकदा पाटावर आली की एकटी बसून राहणार नाही हे तिला माहीत असणार. जिजी आली, हळद लावली आणि वाटी उचलून जेठाणीच्या हातात दिली. तिला म्हणाली, आता तुम्ही. म्हणजे मान परत जिथला तिथे. जेठाणीला आपण बाजूला पडलो असं वाटायला जागाच ठेवली नाही तिने.

पुढची गोष्ट गोड नाहीये तेवढी, आणि तीच तुमच्या कामाची आहे. लग्नानंतर काही महिन्यांनी सुनेला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात राहिले नाहीत. लगेच कुजबुज. त्या नणंदेने फोनवर जेठाणीलाच म्हटलं, मी तेव्हाच उठून गेले होते. जिजी म्हणे दोन दिवस जेवली नाही, तुम्ही लिहिलंय ना की मलाच तसं वाटत राहील, तसंच तिला वाटत होतं. मग ती सुनेबरोबर डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि सुनेच्या समोरच विचारलं, असं का होतं. त्यांनी सांगितलं की कळलेल्या शंभर गर्भांतले दहा-पंधरा तरी असे सुरुवातीला जातात, बहुतेक वेळा गर्भाची मुळातली घडणच नीट झालेली नसते म्हणून, कुणाच्या चालण्या-बोलण्याने, खाण्यापिण्याने होत नाही. जिजी घरी येऊन हे कुणाला पटवत बसली नाही. पण सुनेने ऐकलं होतं, आणि पुढच्या वेळी कुणीतरी घरात विषय काढला तेव्हा सूनच बोलली, की मग ज्यांना हळद फक्त सवाष्णींनी लावली त्यांचे कधी जातच नाहीत का? वर्षभरात तिला मुलगी झाली. त्याचं श्रेय पण कुणी हळदीला देऊ नये असं मला वाटतं, नाहीतर तोच हिशोब उलटा चालू होतो.

दोन वर्षांनी जेठाच्या मुलीचं लग्न निघालं. फुई तोवर गेली होती. जेठाणीने हळदीच्या बायांची यादी केली तेव्हा 'पाच सवाष्णी' असं न लिहिता सरळ नावं लिहिली, आणि तिसरं नाव जिजीचं होतं. कुणाशी चर्चा केली नाही, घोषणा नाही. धुळ्याची नणंद आली त्या लग्नाला, हळदीच्या वेळी यावेळी उठून गेली नाही. पण जिजीच्या हातून स्वतःची ओटी अजून भरून घेत नाही ती. राहू दे. एवढं झालंय, एवढं नाही झालं.

आता तुमच्याकडे वळते. तुमच्या घरात फुई असेल-नसेल, पण असं कुणीतरी असतंच. आजेसासू, मोठ्या नणंदबाई, एखादी काकू जी कायम मागे असते. तिच्यासाठी मागा. हे डावपेच म्हणून सांगत नाहीये, किंवा हो, डावपेच पण आहेच, पण खोटा नाही. तिचाही तितकाच हक्क आहे आणि तिच्यासाठी बोलताना तुमचा आवाज कापणार नाही. आणि बोलायचं जेठाणीशी, जेठांशी नाही. हळद जेठांच्या हातात नसते. त्यांना तुम्ही समोरासमोर विचारलं तर ते घरातला कर्ता पुरुष म्हणून उत्तर देतील, आणि असं उत्तर एकदा दिलं की माणसाला ते बदलता येत नाही. जेठाणीला उन्हाळी कामाच्या निमित्ताने एकटं गाठा. तिला वेळ द्या, फुईसारखा.

लग्न आखाजीनंतर म्हणजे पत्रिका बहुतेक अजून छापायच्या असतील. पत्रिकेचा मजकूर कोण लिहितंय ते आजच विचारा. आपल्याकडे नेहमीची चूक अशी होते की वर मुलाच्या नावाखाली 'कै. अमुक यांचे चिरंजीव' येतं, खाली निमंत्रकात जेठांचं नाव येतं, आणि आईचं नाव येतं कुठेतरी मधल्या ओळीत, किंवा येतच नाही. तुमच्या मुलाला सांगा, वर 'श्रीमती अमुक व कै. अमुक यांचे चिरंजीव' असं घाल. निमंत्रक जेठच राहू द्या, त्यांनी केलंय तुमच्यासाठी आणि तो मान त्यांचा आहे. एकदा पत्रिका गावभर गेली की ज्या बाईचं नाव पहिल्या ओळीत आहे तिला ओसरीत बसवणं लोकांनाच अवघड जातं, पाहुणे विचारतात, वरमाय कुठे आहे.

मुलाचं मात्र जरा सांभाळा. 'आई नसेल तर पाटावर बसणार नाही' हे तो प्रेमाने म्हणतोय पण मांडवात ऐनवेळी पोरगा अडून बसला की त्याचा सगळा राग तुमच्यावर निघेल, आईने शिकवलं असंच म्हणतील, आणि जेठ-जेठाणी जी तुमच्या बाजूला येऊ शकली असती ती पण चिडतील. त्याला कामाला लावा. पत्रिका त्याच्याकडे, भटजींना सगळ्यांसमोर विचारायचं काम त्याच्याकडे: काका, हळदीला काही मंत्र-बंधन आहे का, आणि नांदीश्राद्धात पप्पांचं नाव घेणार ना? हा दुसरा प्रश्न त्याने विचारायलाच हवा. तो प्रश्न ऐकल्यावर घरातले लोक बरंच काही आपोआप समजतात. भटजी जर म्हणाले की चालत नाही, तर वाद घालू नका, फक्त विचारा कुठे लिहिलंय आणि थांबा. पटलं नाही तर भटजी बदलता येतात, अजून वेळ आहे.

काय सोडायचं हे पण आधी ठरवून ठेवा. माझ्या मते देव बसवायची जोडी जेठ-जेठाणीला राहू द्या, तुम्ही त्या वेळी तिथेच बसा, मागे ओसरीत नाही तर सगळे नातेवाईक बसतात तिथे, पहिल्या रांगेत. हळद आणि नवरदेव निघतानाचं औक्षण ही दोन सोडू नका. औक्षणाचं ताट तुम्ही आणि जेठाणीने मिळून धरलं तर फार चांगलं, म्हणजे कुणी कुणाला हटवलं असं होत नाही. सगळं एकाच दिवशी मागितलं तर लोक एकच उत्तर देतात आणि ते 'नाही' असतं.

कुणीतरी तुम्हाला सांगेल की सरकारचं परिपत्रक आहे. आहे. कोल्हापूर जिल्ह्यात हेरवाड म्हणून गाव आहे, तिथल्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र-जोडवी काढणं हे गावात बंद, आणि त्याच महिन्यात सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. चांगलं झालं, आणि तुमच्या ग्रामपंचायतीत असा ठराव झाला असेल तर मुलाने ते जेवताना सहज बोलून बघायला हरकत नाही. पण घरातल्या हळदीच्या पाटाला कुणी कागद दाखवून बसत नाही. तो कागद काढला की तुम्ही घरच्यांवर केस करताय असं वातावरण होतं. तो गावासाठी ठेवा, मांडवासाठी नाही.

आणि ती भीती. ती जाणार नाही लगेच, हे मी आधीच सांगते. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात घरात काही ना काही होतंच, कुणी आजारी पडतं, कपाशीवर बोंडअळी येते, सुनेचं-मुलाचं वाजतं. तुम्ही ओसरीत बसलात तरी होणार आणि हळद लावली तरी होणार. फरक एवढाच की हळद लावली असेल तर लोकांना नाव घ्यायला कुणीतरी मिळतं. म्हणून आत्ताच दोन माणसं ठरवा जी तुमच्या वतीने बोलतील, तुम्ही स्वतः नाही. एक जेठाणी, जमलं तर, आणि दुसरी तुमची होणारी सून. सुनेशी लग्नाआधी एकदा मोकळं बोला, तिला हे सगळं माहीत असू द्या, तिच्या घरून उष्ट्या हळदीला हरकत आहे का हे पण तिच्याच आईकडून विचारून घ्या. हरकत निघाली तर नवरीकडची वाटी आधी वेगळी काढा आणि विषय तिथेच संपवा, त्यावर लग्नात ताण नको.

ज्यांचं प्रकरण याहून अवघड आहे, म्हणजे सासू-सासरे हयात आहेत आणि ऐकतच नाहीत, किंवा जावळ, मुंज, बारसं असं छोटं कार्य आहे जिथे आठ दिवसांत सगळं ठरतं, त्यांना एवढी तयारी करायला वेळ मिळणार नाही. त्यांनी एकच गोष्ट धरावी. जावळाला मूल मामाच्या मांडीवर असतं, तिथे आईला शेजारी बसायला कुणी सहसा अडवत नाही, फक्त आधीपासून बसून राहायचं, बोलावण्याची वाट बघायची नाही. उठून जा असं तोंडावर म्हणायला हिंमत लागते, आणि बहुतेक लोकांकडे ती नसते.

अजून एक राहिलं, ताई. बस्त्याला जाल तेव्हा वरमायची साडी स्वतः निवडा. दुकानात जेठाणी किंवा दुकानदार राखाडी, फिकट असं काही तुमच्यासमोर पसरतील सवयीने. तुम्हाला आवडेल तो रंग घ्या, काठाची घ्या, आणि विहीणबाईंना आधीच सांगून ठेवा की लग्नातला विहिणीचा मान आणि साडी तुमच्याच हातात द्यायची, जेठाणीकडे नाही. जेठाणीसाठी वेगळी साडी त्यांच्याकडून येऊ द्या, तेवढीच भारी.